ठोक्याचे क्षेत्रफळ

हिंगोली जिल्ह्यात जमिनीचा ठोका कसा लागतो हे पुस्तकातून समजावून सांगावे लागत नाही. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून गेले होते तेव्हा ४.५ रिश्टरचा धक्का बसला आणि दहा-अकरा मिनिटांत ३.६ चा दुसरा. त्याच वर्षी १० जुलैच्या सकाळी पुन्हा ४.५ चा. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांना तर जमिनीखालून येणारे गूढ आवाज कितीतरी वर्षांपासून परिचयाचे आहेत. आणि याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, आणि त्यांच्या टोकांना टांगलेले, प्रत्येकी ४० किलोचे काचेचे आरसे. हे आरसे कोणत्याही ठोक्याने हलता कामा नयेत, आणि हलले तर ते कोणत्या ठोक्याने हलले हे ओळखता आले पाहिजे.

या पुस्तकाचा विषय त्या मागणीच्या मुळाशी असलेले गणित हा आहे. स्प्रिंगला बांधलेल्या वस्तुमानावर एकाएकी ठोका बसला तर पुढे काय होते, आणि तो ठोका डेल्टा फलनाने कसा मांडायचा? पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात हा विषय दोन पानांत उरकलेला असतो. समीकरणाच्या उजव्या बाजूला δ(t) लिहायचे, लाप्लास रूपांतर घ्यायचे, उत्तरात साइन येते, गुण मिळतात. ठोका नक्की कधी डेल्टा असतो आणि कधी नसतो, हा प्रश्न त्या दोन पानांत येतच नाही. माझ्या मते सगळा विषय त्या एका प्रश्नात आहे. या प्रस्तावनेत मी तोच धरून चालणार आहे, आणि उदाहरण म्हणून औंढ्याच्या वेधशाळेत टांगला जाणारा आरसा घेणार आहे.

लायगोचा आरसा शुद्ध सिलिका काचेचा असतो, आणि तो काचेच्याच चार तंतूंवर टांगलेला असतो. तंतूंची जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी आणि लांबी साधारण ६० सेंटिमीटर. आरशाच्या वर आणखी तीन वस्तुमाने टांगलेली असतात, म्हणजे हा चार मजली लोलक आहे. पण सुरुवातीला वरचे तीन मजले विसरून फक्त शेवटचा आरसा आणि त्याचे चार तंतू पाहू. तंतू काचेचे असले तरी ओढल्यावर अगदी किंचित ताणतात आणि सोडल्यावर मूळ लांबीवर येतात. म्हणून उभ्या दिशेने पाहिले तर हे स्प्रिंगला टांगलेले वस्तुमानच झाले. या उभ्या हालचालीची वारंवारता १० हर्ट्झच्या जवळपास असते, म्हणजे आवर्तनकाल सुमारे ०.१ सेकंद. आडव्या दिशेने तोच आरसा लोलकासारखा झुलतो, आणि त्या झुलण्याचा आवर्तनकाल सेकंदाच्या मापात असतो. शिवाय वीणेच्या तारेसारखे ते तंतू स्वतःही कंप पावतात, सुमारे ५०० हर्ट्झला. एकच टांगणी, पण तीन वेगवेगळ्या घड्याळांवर चालणारी. हे तीन आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढचे सगळे त्यांच्यावरच आहे.

आता या आरशाला खालून हलकीच टिचकी मारली असे समजू. प्रत्यक्षात त्याला कोणी हात लावत नाही. तो निर्वात कोठीत असतो आणि त्याच्यावर धुळीचा कणही चालत नाही. पण हिशेबासाठी टिचकी मारायला हरकत नाही. टिचकीचे बल शून्यापासून वाढते, शिगेला पोचते, पुन्हा शून्य होते, आणि हे सगळे पाच मिलिसेकंदांत संपते. त्या पाच मिलिसेकंदांत बलाचा आलेख नेमका कसा चढला-उतरला, हे सहसा कुणालाच ठाऊक नसते. बोटाची चामडी किती दबली, स्पर्श कुठे झाला, यावर तो आलेख अवलंबून असतो. डेल्टा फलनाचे सगळे मर्म हेच आहे की तो आलेख माहीत असण्याची गरज नसते. त्याच्याखालचे क्षेत्रफळ माहीत असले की पुरते. बल आणि काळ यांच्या आलेखाखालचे हे क्षेत्रफळ म्हणजे आवेग, I, आणि त्याचे एकक न्यूटन-सेकंद.

असे का होते, ते न्यूटनच्या दुसऱ्या नियमातूनच दिसते. ठोका चालू असताना वस्तुमानावर दोन बले असतात, एक टिचकीचे आणि एक स्प्रिंगचे. दोन्हींचे संकलन पाच मिलिसेकंदांवर केले की संवेगात किती बदल झाला ते मिळते. पण स्प्रिंग तेव्हाच ओढते जेव्हा वस्तुमान जागचे हललेले असते, आणि इतक्या थोड्या वेळात ते फारसे हललेले नसते. म्हणून स्प्रिंगचा वाटा सोडून देता येतो, आणि उरते ते इतकेच की वेग एकदम I/m इतका होतो. स्थान मात्र उडी मारत नाही, कारण स्थानाने उडी मारायची तर वेग क्षणभर अनंत व्हायला हवा. डेल्टा फलन नेमके हेच सांगते, आणि एका ओळीत सांगते:

m x″ + k x = I δ(t)

ठोक्यापूर्वी सगळे स्तब्ध असेल, तर ठोक्यानंतर

x(t) = (I / mω) sin ωt, जिथे ω = √(k/m)

δ(t) म्हणजे अशी उंच आणि अरुंद टोकदार रेषा की जिची रुंदी शून्याकडे जाते, उंची अनंताकडे जाते, आणि क्षेत्रफळ मात्र १ राहते. या वर्णनाचे फलन शाळेत शिकलेल्या अर्थाने अस्तित्वातच नसते, आणि ते वापरणाऱ्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होते. ऑलिव्हर हेविसाइड हा तारायंत्राच्या समीकरणांशी झगडणारा इंग्रज अभियंता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी आवेगी फलने बेधडक वापरत होता, आणि त्या काळचे गणिती त्याच्यावर नाराज होते. पॉल डिरॅकने क्वांटम यामिकीसाठी १९२७ च्या सुमारास हे फलन आणले आणि त्याला आजचे चिन्ह दिले. डिरॅकचे पहिले शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचे होते, हा मला योगायोग वाटत नाही. ज्याने एकवटलेल्या भाराचे आणि क्षणिक प्रवाहाचे हिशेब केले आहेत, त्याला अशा वस्तूचे भय वाटत नाही. भक्कम पाया घातला तो फ्रान्सच्या लोरां श्वार्त्झने, १९४० च्या दशकात, आणि त्यासाठी त्याला १९५० चे फील्ड्स पदक मिळाले. श्वार्त्झच्या मते δ ची किंमत एखाद्या बिंदूवर किती, हा प्रश्नच विचारायचा नसतो. δ ला दुसऱ्या एखाद्या सुघड फलनाने गुणून संकलन केले की काय मिळते, एवढेच विचारायचे. या पुस्तकाला तेवढेच पुरते.

आता आकडे घालून पाहू. आरसा ४० किलोचा, उभी वारंवारता १० हर्ट्झ, म्हणून ω सुमारे ६२.८ रेडियन प्रतिसेकंद. टिचकीचा आवेग ०.०१ न्यूटन-सेकंद घेऊ. वेग झाला ०.०१ भागिले ४०, म्हणजे सेकंदाला पाव मिलिमीटर. त्याला ω ने भागले की आयाम मिळतो, सुमारे ४ मायक्रोमीटर. डोळ्यांना हे कधीच दिसणार नाही. पण लायगोला आरशांची जी हालचाल टिपायची असते ती १०⁻¹⁸ मीटरच्या घरातली. त्या मापाने ही टिचकी लाखो कोटी पट मोठी आहे.

सूत्र वापरण्यापूर्वी आपण स्प्रिंगचा वाटा सोडून दिला होता. तो सोडणे रास्त होते का, तेही तपासले पाहिजे. टिचकीचे बल अर्ध्या साइनच्या आकाराचे मानले, तर क्षेत्रफळ ०.०१ येण्यासाठी त्याची शिगेची किंमत सुमारे ३.१ न्यूटन असावी लागते. पाच मिलिसेकंद संपता संपता आरसा सुमारे ०.६ मायक्रोमीटर सरकलेला असतो, आणि या चार तंतूंचा मिळून स्प्रिंग-स्थिरांक मीटरला सुमारे १,५८,००० न्यूटन असल्यामुळे तेव्हा ते फक्त ०.१ न्यूटनने मागे ओढत असतात. तिनाच्या समोर शून्य पूर्णांक एक. तेव्हा स्प्रिंगचा वाटा सोडणे बरोबर होते.

इथे विद्यार्थ्यांच्या वह्यांत हमखास दिसणाऱ्या दोन चुका सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे ठोका दोनदा मोजणे. समीकरणाच्या उजव्या बाजूला I δ(t) लिहिलेले असते, आणि वर प्रारंभीची अट म्हणून वेग I/m असेही घातलेले असते, कारण ‘ठोक्यानंतर वेग I/m होतो’ हे वर्गात सांगितलेले असते. उत्तर दुप्पट येते आणि आकार बरोबर साइनचाच असल्यामुळे चूक दिसत नाही. डेल्टा लिहिला असेल तर प्रारंभीच्या अटी ठोक्याच्या आधीच्या क्षणाच्या असतात, म्हणजे शून्य. वेग I/m घ्यायचा असेल तर उजवी बाजू शून्य ठेवावी. एकाच घटनेची ही दोन पर्यायी लेखने आहेत, आणि एका वेळी एकच वापरायचे. चूक पकडायची सोपी रीत म्हणजे ऊर्जा मोजणे. ठोक्याने दिलेली ऊर्जा I²/2m असायला हवी. दोनदा मोजले असेल तर ती चौपट येते.

दुसरी चूक एककांची. उजवीकडे ‘५ न्यूटन गुणिले δ(t)’ लिहिलेले असते. δ(t) ला स्वतःचे एकक असते, एक भागिले सेकंद, कारण काळाने गुणून संकलन केल्यावर त्याला शुद्ध १ द्यायचा असतो. म्हणून δ च्या पुढचा गुणक न्यूटन-सेकंदातच हवा. प्रश्नात ‘५ न्यूटनचा ठोका’ एवढेच दिले असेल तर प्रश्न अपुरा आहे, ठोका किती वेळ टिकला हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आपल्या अनेक प्रश्नपत्रिकांत असे प्रश्न असतात आणि ते दुरुस्त व्हायला हवेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाच मिलिसेकंदांची टिचकी डेल्टा आहे का? याचे उत्तर टिचकीत नसते. ते टिचकीचा काळ आणि स्प्रिंगचा आवर्तनकाल यांच्या गुणोत्तरात असते. बल अर्ध्या साइनच्या आकाराचे आणि τ इतका वेळ टिकणारे असेल, तर ठोका संपल्यानंतरचा खरा आयाम आणि डेल्टाने सांगितलेला आयाम यांचे गुणोत्तर असे येते:

R = cos(ωτ/2) / (1 − (ωτ/π)²)

आरशाच्या उभ्या हालचालीसाठी पाच मिलिसेकंद म्हणजे आवर्तनकालाचा विसावा भाग. R येतो ०.९९८. डेल्टाचे उत्तर फक्त ०.२ टक्क्याने चुकते, तेव्हा टिचकी खुशाल डेल्टा मानावी. ठोका आवर्तनकालाच्या दहाव्या भागाइतका लांबला तर चूक एका टक्क्याच्या आसपास जाते, चौथ्या भागाइतका लांबला तर सहा टक्क्यांच्या जवळ, आणि अर्ध्या आवर्तनकालाइतका असेल तर आयाम डेल्टाच्या उत्तराच्या ७९ टक्केच उरतो. इथपर्यंत चूक हळूहळू वाढते आणि वाचकाला वाटते की डेल्टा हे बऱ्यापैकी अंदाजाचे साधन आहे.

पण तीच पाच मिलिसेकंदांची टिचकी ५०० हर्ट्झच्या तंतूला लावून पाहा. त्याचा आवर्तनकाल दोन मिलिसेकंद, म्हणजे टिचकी अडीच आवर्तने चालते. सूत्रात ωτ येतो 5π, कोसाइन येतो शून्य, आणि R शून्य होतो. डेल्टाने ठराविक आयाम सांगितला होता, आणि प्रत्यक्षात ठोका संपल्यावर ते कंपन जागेवरच थांबलेले असते. टिचकीच्या सुरुवातीच्या भागाने जे कंपन उभे केले तेच शेवटच्या भागाने मोडून काढले. पाचऐवजी चार मिलिसेकंदांची टिचकी असती तर आयाम डेल्टाच्या उत्तराच्या साधारण सात टक्के आला असता. म्हणजे एकाच टिचकीला आरशाची उभी हालचाल डेल्टा म्हणते, आणि त्याच आरशाचा तंतू तिला सावकाश चढून उतरणारे बल म्हणतो. ‘हे बल आवेगी आहे’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कोणासाठी आवेगी, ते सांगावे लागते.

अर्धा-साइन हा एक आकार झाला. आकार बदलला की R चे सूत्र बदलते, पण ठोका आवर्तनकालापेक्षा बराच छोटा असेल तोवर सगळ्या आकारांचे उत्तर एकच येते, आणि क्षेत्रफळच बोलते. एक बारकावा मात्र सांभाळावा. डेल्टा ठोक्याच्या सुरुवातीला न ठेवता मध्यावर ठेवावा. सममित ठोक्यासाठी असे केले की नंतरच्या कंपनाची कला तंतोतंत जुळते. सुरुवातीला ठेवला तर आयाम बरोबर येतो पण कंपन अडीच मिलिसेकंद लवकर सुरू झाल्यासारखे दिसते, आणि मोजलेला आलेख गणिताशी का जुळत नाही याचा शोध घेण्यात प्रयोगशाळेतली दुपार जाते.

यंत्रशाळांत आणि पुलांच्या चाचण्यांत हे ज्ञान रोज वापरले जाते. तिथे डोक्यात बल मोजणारा संवेदक बसवलेली हातोडी असते, आणि तिची टोके बदलता येतात: रबराचे, नायलॉनचे, पोलादाचे. रबराचे टोक जास्त वेळ टेकून राहते, म्हणून ते फक्त संथ कंपनांसाठी डेल्टा ठरते. पोलादाचे टोक क्षणात सुटते आणि वेगवान कंपनांनाही जागे करते. चाचणी घेणारा टोक निवडतो तेव्हा तो खरे तर τ निवडत असतो. त्या चाचणीतला सर्वांत त्रासदायक दोष म्हणजे दुहेरी ठोका. हातोडी वेळेवर मागे घेतली नाही की वस्तू उसळून तिला पुन्हा लागते. समजा दोन सारखे ठोके ५० मिलिसेकंदांच्या अंतराने पडले. १० हर्ट्झच्या कंपनासाठी ५० मिलिसेकंद म्हणजे बरोबर अर्धे आवर्तन. पहिल्या ठोक्याने वर निघालेले वस्तुमान तेव्हा मूळ जागेवरून तितक्याच वेगाने खाली जात असते, आणि वरच्या दिशेचा दुसरा ठोका तो वेग पूर्ण पुसून टाकतो. कंपन संपते. मोजणारा लिहून ठेवतो की या वस्तूला १० हर्ट्झचे कंपन नाही! दोष ओळखायची खूण बलाच्या वर्णपटात असते. एकेरी ठोक्याचा वर्णपट संथपणे उतरत जातो, दुहेरी ठोक्याच्या वर्णपटात समान अंतरावर खड्डे पडतात, इथे १०, ३०, ५० हर्ट्झला. तसे खड्डे दिसले की ते मोजमाप फेकून द्यावे.

दोन ठोक्यांची ही बेरीज-वजाबाकी जमली की पुढची पायरी आपोआप येते. कोणतेही बल म्हणजे एकापाठोपाठ एक पडणाऱ्या बारीक ठोक्यांची माळ. प्रत्येक ठोका आपापली साइन सुरू करतो आणि सगळ्या साइनांची बेरीज म्हणजे उत्तर. यालाच द्युआमेलचे संकल म्हणतात, आणि भूकंपात इमारत किती हलेल याचा हिशेब आजही त्याच पायावर उभा आहे. पुस्तकाचा मधला भाग त्यावर असल्यामुळे इथे एवढेच.

भूकंपाचा उल्लेख आलाच आहे, तर एक गैरसमज काढणे आवश्यक आहे. इतका वेळ आपण वस्तुमानाला ठोकत होतो. भूकंप वस्तुमानाला ठोकत नाही. तो स्प्रिंग जिथे टांगली आहे तो आधार हलवतो. फरक किरकोळ वाटतो, पण उत्तर उलटून जाते. जमीन हादरते आणि थांबते. तिचा वेग आधी शून्य होता, नंतरही शून्य, म्हणून जमिनीच्या त्वरणाच्या आलेखाचे एकूण क्षेत्रफळ शून्य असते. त्वरणालाच ठोका समजून त्याच्या जागी डेल्टा लिहिला तर त्याचा गुणकच शून्य येतो. वरचे आणि खालचे भाग एकमेकांना खातात.

मग आरशापर्यंत पोचते ते काय? आधार y इतका सरकला तर स्प्रिंग वस्तुमानाला k y इतक्या बलाने ओढते. आवेग म्हणजे या बलाचे क्षेत्रफळ, म्हणून इथे क्षेत्रफळ मोजायचे ते जमिनीच्या सरकण्याचे. एक उदाहरण घेऊ. जमीन आडवी एक मिलिमीटर सरकून ०.०५ सेकंदात परत आली, आलेख पुन्हा अर्ध्या साइनचा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३२ मायक्रोमीटर-सेकंद. आरशाच्या झुलण्याची वारंवारता सोयीसाठी १ हर्ट्झ धरली, तर ०.०५ सेकंद हा आवर्तनकालाचा विसावा भाग झाला, म्हणजे डेल्टा मान्य. सूत्रात I च्या जागी k गुणिले हे क्षेत्रफळ घातले की आयाम येतो ω गुणिले क्षेत्रफळ, सुमारे ०.२ मिलिमीटर. जमीन एक मिलिमीटर हलली, आरसा तिच्या पाचव्या हिश्शाइतकाच झुलला. लोलक आणखी संथ असता, तर ω लहान, आणि झुलणे त्याच प्रमाणात आणखी कमी. वस्तुमानाला थेट ठोकले तेव्हा ω छेदात होता, म्हणजे मऊ स्प्रिंग जास्त हलत होती. आधाराला ठोकले की ω अंशात येतो आणि मऊ स्प्रिंगच वाचवते. लायगोचा आरसा मजल्यांवर मजले टांगून संथ का ठेवतात, याचे कारण या एका अदलाबदलीत आहे. वरचे तीन मजले याच कामासाठी असतात, आणि त्यांच्याही वर जमिनीची हालचाल मोजून ती उलट दिशेने पुसणारे चबुतरे असतात.

तरीही काही ठोके आत शिरतातच, आणि ते नेहमी भूकंपासारखे भव्य नसतात. अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या लायगोमध्ये २०१७ च्या उन्हाळ्यात मोजमापात काही क्षणिक खोटे संकेत येऊ लागले. एका भुजेच्या टोकाशी द्रव नायट्रोजनच्या यंत्रणेचा एक नळ इमारतीबाहेर येतो. त्याच्यावर साचलेल्या बर्फाला तहानलेले डोमकावळे चोच मारत होते, आणि तो ठोका नळावाटे निर्वात नळीपर्यंत पोचत होता. चोचीचा स्पर्श क्षणाचा असतो, म्हणून नळासाठी आणि नळीसाठी तो डेल्टाच. अशा वेळी मोजमापात चोचीच्या आलेखाचा आकार उमटत नाही. ज्याला ठोका बसला त्याची स्वतःची वारंवारता उमटते. म्हणून वेधशाळेतले लोक संशयित भागांवर मुद्दाम हलके ठोके मारून ठेवतात आणि प्रत्येक भागाचा प्रतिसाद नोंदवतात, म्हणजे पुढे अनोळखी संकेत आला की तो कुठून आला हे ताडून पाहता येते. हॅनफर्डला शेवटी नळावर उष्णतारोधक आवरण चढवले आणि बर्फ साचणेच बंद केले. औंढ्याच्या उन्हात पाण्याच्या शोधात फिरणारे पक्षी कमी नाहीत, तेव्हा ही गोष्ट तिथल्या अभियंत्यांनाही कामाची आहे.

आतापर्यंत कंपन विझण्याचा विषय मी बाजूला ठेवला, कारण ठोक्याच्या क्षणी त्याला काही करायला वेळच मिळत नाही. नंतर मात्र तोच सगळे ठरवतो. साधी स्प्रिंग काही सेकंदांत शांत होते. लायगोचे काचेचे तंतू मुद्दाम इतके कमी ऊर्जा गमावणारे केलेले असतात की त्यांचा गुणवत्ता-अंक अब्जाच्या आसपास जातो. ५०० हर्ट्झला असा अंक असेल तर कंपनाचा आयाम मूळच्या साधारण ३७ टक्क्यांवर यायलाच सुमारे सात दिवस लागतात. एक ठोका आणि आठवडाभर चालणारा सूर. म्हणून वेधशाळेत ही कंपने आपोआप विझण्याची वाट पाहत नाहीत. उलट कलेचे बल लावून ती विझवतात. दुहेरी ठोक्यात जो दोष होता, तोच इथे हेतुपुरस्सर केलेला उपाय आहे.

या पुस्तकात बल आणि ताण यांचे नाते सरळ रेषेचे धरले आहे. ठोका इतका जोरदार असेल की स्प्रिंग कायमची वाकेल किंवा आघाताने वस्तूचा कपचा उडेल, तर साइनांची बेरीज चालत नाही आणि इथली सूत्रे लागू पडत नाहीत. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ रोजी पडलेल्या दगड-मातीच्या घरांना हे गणित लावू नये. पहिल्या काही हेलकाव्यांतच त्या भिंती सरळ रेषेच्या नात्याबाहेर गेल्या होत्या.

पुस्तकातली उदाहरणे सोडवताना वाचकाने एक सवय लावून घ्यावी अशी माझी विनंती आहे. δ(t) लिहिण्याआधी शेजारी दोन आकडे लिहावेत, ठोका किती वेळ टिकला आणि आवर्तनकाल किती. पहिला दुसऱ्याच्या दहाव्या भागापेक्षा मोठा असेल तर डेल्टा पुसून द्युआमेलचे संकल मांडावे. आणि प्रश्नात ठोक्याचा काळ दिलेलाच नसेल, तर प्रश्न विचारणाऱ्याकडे तो मागावा.